शेडमध्ये ब्रूडरजवळ गॅसचा वास: पाईप, रेग्युलेटर आणि साबणाच्या पाण्याची तपासणी

निफाड-सिन्नरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पाच अंशांच्या आसपास येतो. त्या दिवसांत एक दिवसाच्या पिल्लांना बत्तीस-तेहतीस अंशांची ऊब द्यायची तर बल्ब पुरत नाहीत, म्हणून सिलिंडरवर चालणारा गॅस ब्रूडर लावावा लागतो. त्यामुळे दर थंडीत माझ्याकडे येणारी तक्रारही तीच असते: वास येतो, नाहीतर आच कमी पडते, नाहीतर सिलिंडर लवकर संपतो. मी या भागातल्या शेडमधले ब्रूडर दुरुस्त करतो. पाईप, रेग्युलेटर आणि सांधे मी कोणत्या क्रमाने बघतो, ते इथे लिहितो. घरातला गॅस गिझर किंवा खोली गरम करायचा गॅस हीटर तपासतानाही यातलं बरंचसं चालेल. पण कोंबड्यांच्या शेडमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि त्यांच्यामुळेच गळती लपून राहते. त्या दोन्ही पुढे येतील.

लक्षणं

कुजक्या कोबीसारखा वास हे सरळ लक्षण. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. हा वास उभ्याने येत नसेल आणि तुसाजवळ वाकल्यावर येत असेल, तर तो जास्त गंभीरपणे घ्या. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे तो खालीच साचतो.

दुसरं लक्षण म्हणजे सिलिंडर किंवा रेग्युलेटरजवळ कान नेला की येणारा बारीक फुसफुस आवाज. तिसरं, ब्रूडर बंद असताना पाईपच्या टोकाजवळ किंवा नटाजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग. गॅसबरोबर थोडा तेलकट अंश येतो. सांधा फार दिवस झिरपत असेल तर त्या जागी धूळ आणि पिसांचा भुगा चिकटून काळं कडं तयार होतं. ब्रूडर पुसायच्या आधी हे कडं शोधा, पुसल्यावर खूण जाते.

आता जी लक्षणं लोक गळतीची समजतात पण बहुतेक वेळा नसतात, ती. पहाटे आच मंदावते आणि सिलिंडरच्या खालच्या भागावर दव किंवा बर्फाचा थर दिसतो. ही गळती नाही. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो. बाहेर आधीच गारठा आणि एका सिलिंडरवर तीन-चार ब्रूडर जोडलेले असले की वाफ पुरत नाही. यावर उपाय एकच: एका सिलिंडरवर कमी ब्रूडर, किंवा दोन सिलिंडर जोडून घेणं. सिलिंडर आडवा करणं, त्यावर गरम पाणी ओतणं, शेजारी शेगडी ठेवणं यातलं काहीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि मग आच आवरत नाही.

सिलिंडर लवकर संपणं हेही गळती ओळखायचं कच्चं माप आहे. समजा तुमच्या दोन ब्रूडरच्या पाटीवर प्रत्येकी तासाला सुमारे चारशे ग्रॅम गॅस लिहिलाय. दोन्ही पूर्ण आचेवर चालले तर एकोणीस किलोचा सिलिंडर साधारण चोवीस तास जाईल. आता तासाला शंभर ग्रॅम गळती धरा, तर तो एकवीस तासांत संपेल. हा अडीच-तीन तासांचा फरक तर एका रात्री पडदा नीट न लावल्यानेही पडतो. पण तासाला शंभर ग्रॅम म्हणजे जवळजवळ पन्नास लिटर वायू दर तासाला शेडमध्ये सुटतोय. म्हणून सिलिंडर किती दिवस गेला याच्या हिशोबाने गळती शोधू नका. धोकादायक गळती त्या हिशोबात सापडतच नाही.

वास दाट असेल तर आधी हे

शेडचं दार उघडताच वास अंगावर आला, तर तपासणीचा विचारही करू नका. आत बॅटरी लावू नका, बल्बचं बटण चालू किंवा बंद करू नका, मोबाईल काढू नका. सिलिंडर बाहेर असेल तर बाहेरूनच बंद करा. आत दाराजवळ असेल आणि वासात न शिरता हात पोहोचत असेल तरच बंद करा, नाहीतर मागे फिरा. आतला एखादा ब्रूडर पेटलेला दिसत असेल तर आत पाऊलच टाकू नका.

इथे शेडचं पहिलं वेगळेपण येतं. आपल्या शेडला खाली फूट-दीड फुटाची भिंत असते, वर जाळी आणि जाळीवर पडदा. वास आला की लोक धावत जाऊन पडदे खाली सोडून जाळी उघडी करतात. पण साचलेला गॅस त्या ठेंगण्या भिंतीच्या आत, जमिनीलगत पडून असतो. पडदा सोडला तरी भिंतीवरची वरची हवाच हलते आणि खालचा गॅस जागेवर राहतो. त्याला बाहेर पडायला जमिनीपासून उघडणारी वाट लागते, म्हणजे दारं. दोन्ही टोकांची दारं पूर्ण उघडा, पडदे बाहेरूनच सोडा, माणसांना लांब न्या आणि फोन शेडपासून दूर जाऊन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

"अहो भाऊ, दारं उघडली तर पिल्लं गारठतील ना," हे मला नेहमी ऐकावं लागतं. थोडा वेळ गारठलेल्या पिल्लांना परत ऊब देता येते. साचलेल्या गॅसला ठिणगी मिळाली तर पिल्लं, शेड आणि आतला माणूस, काहीच राहत नाही.

तपासणी कधी करायची

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी, उजेडात, पडदे सोडलेले आणि दारं उघडी असताना. एकदा पिल्लं आत सोडली की शेड मोकळं करता येत नाही, ब्रूडर बंद ठेवता येत नाही आणि मग सगळं घाईत होतं. शिवाय साबणाचं पाणी थंड ब्रूडरवरच लावायचं असतं. तापलेल्या सिरॅमिकच्या जाळीवर पाणी उडालं तर ती तडकते.

पहिली पायरी: पाईप डोळ्यांनी आणि हातांनी

खर्च शून्य, आणि निम्मे दोष इथेच सापडतात. सिलिंडर बंद करा, ब्रूडर विझू द्या, थंड होऊ द्या. मग पाईप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत न्या. नुसतं बघून चालत नाही. उंदराने कुरतडलेली जागा बहुतेक वेळा पाईपच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला असते आणि ती नजरेआधी बोटाला लागते. खाद्याच्या गोण्यांजवळून आणि भिंतीच्या कडेने गेलेला भाग दोनदा बघा, उंदीर-घुशींची वाट तीच असते. वरचं रबर नुसतं ओरबाडलेलं असलं आणि आतली जाळी दिसत नसली, तरी तो पाईप बदला. पुढच्या रात्री ते दात आतपर्यंत जातात.

मग दर वीतभर अंतरावर पाईप हलकेच वाकवा. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूला बारीक भेगांची जाळी उमटली तर रबर म्हातारं झालं. हाताला चिकट लागलं, फुगलेलं वाटलं किंवा लाकडासारखं कडक झालं असेल तरीही बदला. ब्रूडरच्या जवळची शेवटची फूटभर जागा सगळ्यात आधी कडक होते, कारण वर चढणारी उष्णता तिला लागते. पाईप ब्रूडरच्या टोपीवरून आडवा पडलेला असेल तर तो आजच बाजूला बांधून घ्या. पाईप वरच्या तारेला टांगून, टोपीपासून लांब खाली आणायचा. तुसावर लोळवायचा नाही, कारण तिथे उंदीर आहेत, ओल आहे आणि माणसांचे पायही पडतात.

पाईपवर बनावटीचं वर्ष आणि आयएसआयची खूण छापलेली असते. घरच्या स्वयंपाकघरातल्या सुरक्षा पाईपला पाच वर्षांची मुदत सांगतात. शेडमधली धूळ, उष्णता आणि अमोनिया बघता मी इथे पाच वर्षांची वाट बघत नाही, कडकपणा दिसला की काढतो. एक गोष्ट द्राक्षबागांच्या भागात हमखास दिसते: फवारणीचा पाईप घरात पडलेला असतो आणि तोच ब्रूडरला लावला जातो. तो बाहेरून दणकट असतो, दाबही सहन करतो, पण तो औषध-पाण्यासाठी बनवलेला आहे. गॅसने तो काही महिन्यांत आक्रसून कडक होतो आणि नोजलवर सैल बसतो. दुकानात मागताना "एलपीजीचा पाईप" असंच मागा आणि छाप वाचून घ्या.

फाटलेला तुकडा कापून मधे जोड घालू नका. एका जोडाने दोन नवीन सांधे वाढतात आणि ते दोन्ही लोंबत्या पाईपच्या वजनाने ओढले जातात. पाईप सलग हवा.

टोकांकडे आलात की क्लिप सैल करून पाईप नोजलवरून काढा आणि क्लिपखालची जागा बघा. तारेने पिळून बांधलेला पाईप असेल तर तिथे हमखास कापल्याची रेघ सापडते. टोकाचा तेवढा भाग काटकोनात कापून टाका, उरलेली लांबी पुरत असेल तर पाईप नोजलच्या सगळ्या कड्यांवरून पूर्ण आत सरकवा आणि स्क्रूची पट्टीक्लिप लावा. क्लिप पाईपच्या अगदी टोकाला नको, किंचित आत हवी. रबर क्लिपच्या भोकांतून वर येईपर्यंत आवळू नका, तसा आवळलेला पाईप स्वतःच कापला जातो.

दुसरी पायरी: रेग्युलेटर

आधी पाटी वाचा. घरगुती रेग्युलेटर फार कमी दाबाने गॅस सोडतो आणि ब्रूडर जास्त दाबावर चालणारा असेल तर आच कधीच भरत नाही. मग कोणीतरी ब्रूडरचा जेट तारेने मोठा करतं. उलट, कमी दाबाच्या ब्रूडरला जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला तर ज्वाळा जाळीच्या बाहेर येते आणि पाईपवरही ताण पडतो. ब्रूडरच्या पाटीवरचा दाब आणि रेग्युलेटरवरचा दाब जुळलाच पाहिजे. घरगुती लाल सिलिंडर या कामाला लावायला परवानगी नाही हेही इथेच सांगतो.

रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडात बघा. व्हॉल्व्हच्या आत काळं रबरी कडं असतं, बरेच जण त्याला वायसर म्हणतात. ते चिरलेलं, चपटं झालेलं किंवा गायब असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसला तरी वास येणार. हे कडं स्वतः आणून बसवू नका, वितरकाच्या माणसाकडून बसवून घ्या किंवा सिलिंडर बदलून घ्या. व्हॉल्व्हमध्ये तुसाचा कण किंवा पीस गेलं असेल तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आत खिळा, काडी घालू नका. आतली पिन दाबली गेली तर गॅस थेट हातावर येतो.

आता रेग्युलेटरचं ते छोटं भोक, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. रेग्युलेटरच्या आत रबरी पडदा असतो. एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, या दोघांच्या तोलावर दाब ठरतो. बाहेरची हवा आत-बाहेर होण्यासाठी वरच्या टोपीला एक टाचणीएवढं भोक ठेवलेलं असतं. शेडमध्ये ते भोक पिसांचा भुगा आणि तुसाच्या धुळीने बुजतं. बुजलं की पडदा मोकळा हलत नाही आणि आच कधी भडकते, कधी पडते. लोक त्यावर रेग्युलेटर आपटतात. आधी ते भोक बघा. मऊ ब्रशने बाहेरची धूळ झाडा, पण आत सुई घालू नका, कारण पडदा लगेच मागेच असतो. शक्य असेल तर भोक खाली किंवा बाजूला येईल असा रेग्युलेटर बसवा.

याच भोकातून गॅस येत असेल तर आतला पडदा फाटला आहे. त्याला दुरुस्ती नाही, रेग्युलेटर बदलायचा. एम-सील, चिकटपट्टी किंवा साबणाची वडी लावून ते भोक बंद करणारे मी पाहिले आहेत. असं केल्यावर वास थांबतो, पण दाबावर काही ताबा राहत नाही आणि पुढची गळती ब्रूडरमध्ये होते.

तिसरी पायरी: साबणाचं पाणी

एक वाटी पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं द्रव साबण. चमच्याने हळू हलवा, फेस होऊ देऊ नका. झालाच तर तो वरून काढून टाका आणि खालचं दाटसर पाणी वापरा. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काही त्यात नको, पितळेला ते चालत नाही. लावायला रंगाचा एक इंची मऊ ब्रश. फवारणीच्या बाटलीने लावलं तर आधीच बुडबुडे होतात आणि गळतीचे कोणते, फवाऱ्याचे कोणते ते कळत नाही.

शेडमध्ये एकही आच, अगरबत्ती, विडी नको, आणि काडेपेटीने गळती शोधायची पद्धत कुठे चालू असेल तर ती आजपासून बंद. ब्रूडरचे कॉक पूर्ण बंद करा, मग रेग्युलेटर चालू करा. आता पाईपमध्ये गॅस भरून थांबलेला आहे आणि प्रत्येक सांध्यावर दाब आहे. चाचणी याच अवस्थेत करायची.

इथे बऱ्याच जुन्या जोडण्यांमध्ये अडचण येते. ब्रूडरजवळ कॉकच नसतो, आच कमी-जास्त करायची ती रेग्युलेटरच्या चावीने. अशा जोडणीत रेग्युलेटर चालू केला की गॅस सरळ जेटमधून बाहेर पडतो आणि पाईपमध्ये दाब थांबतच नाही. अशा वेळी साबण लावून बुडबुडा न दिसणं याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. जेटवर बोट ठेवून किंवा च्युइंगगम लावून दाब धरू नका. प्रत्येक ब्रूडरच्या तोंडाशी गॅसचा कॉक बसवून घ्या. त्यानंतरच ही चाचणी खरी ठरते आणि एखादा ब्रूडर एकटाच बंद करण्याची सोयही होते.

सिलिंडरपासून ब्रूडरकडे जा, उलटं नाही, म्हणजे कोणता सांधा झाला आणि कोणता राहिला हे लक्षात राहतं. पहिला सांधा सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर जिथे बसतात तो. नंतर रेग्युलेटरची टोपी आणि ते भोक. मग नोजल आणि क्लिप, पाईपचं अंग, एकाहून जास्त ब्रूडर असतील तर टी, प्रत्येक कॉकचा दांडा, आणि शेवटी ब्रूडरचा नट. प्रत्येक जागी ब्रश घासू नका, टेकवून पाणी सोडा. नटाच्या खालच्या बाजूला पाणी पोहोचलं का ते छोट्या आरशात बघा, कारण पाणी ओघळून खाली जमतं आणि बुडबुडा बहुतेक वेळा तिथेच असतो.

मग थांबा. ही चाचणी फसते ती घाईमुळे. मोठी गळती लगेच फसफसते, ती कोणालाही दिसते. बारीक गळतीत आधी काहीच दिसत नाही. मिनिटभराने नटाच्या कडेला मोहरीएवढा एक पांढरा ठिपका येतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि हळूहळू बारीक, घट्ट फेसाचा पुंजका तयार होतो. ब्रशचे बुडबुडे मोठे असतात आणि फुटत कमी होतात, गळतीचे बारीक असतात आणि वाढत जातात. शंका आली तर फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. त्याच जागी पुन्हा आला तर तो गळतीचाच.

रेग्युलेटरच्या भोकाबाबत मात्र एक फसवी गोष्ट आहे. रेग्युलेटर चालू करताना पडदा हलतो आणि मागची हवा त्या भोकातून बाहेर पडते, तेव्हा एक बुडबुडा फुगतो. तो दोष नाही. पुसून, रेग्युलेटर चालूच ठेवून, अगदी थोडं पाणी टेकवा. आता पुन्हा बुडबुडे येत राहिले तरच पडदा गेला. चाचणीनंतर ते भोक कोरडं करा, साबण वाळून तिथे चिकटता कामा नये.

बुडबुडा सापडला तर आधी सिलिंडर बंद करा, मग पाना लावा. क्लिप असेल तर अर्धा फेरा, नट असेल तर दोन पान्यांनी, एकाने मागचा भाग धरून दुसऱ्याने थोडासा. एका पान्याने ओढलं तर मागचा सांधा सैल होतो आणि गळती तिकडे सरकते. पुन्हा गॅस सोडून पुन्हा साबण. तरीही बुडबुडा आला तर आणखी आवळू नका. एकदा आवळून न थांबलेली गळती ताकदीने थांबत नाही, तिथे आटा, बसणी किंवा नट यातलं काहीतरी खराब आहे.

काम झाल्यावर सगळे सांधे स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडे करा.

सगळं कोरडं, तरी वास येतो

गेल्या थंडीत एका ओळखीच्या शेडवर असंच झालं. पिल्लं येऊन तीन दिवस झालेले, पहाटे वाकल्यावर वास, दिवसा काहीच नाही. त्यांनी पाईप आणि रेग्युलेटर दोन्ही नवीन आणले होते. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. घरच्यांमध्ये दोन मतं: मुलगा म्हणे गॅस, वडील म्हणत तुसाचा वास.

वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. शेडचं दुसरं वेगळेपण हेच आहे. ओलसर तुसातून अमोनिया सुटतो, नाक चरचरतं, आणि त्या उग्र वासात मर्कॅप्टनचा वास दबतो. शिवाय एकच वास घेत राहिलं तर काही मिनिटांत नाकाला तो जाणवेनासा होतो. रोज त्याच शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाने नाकावर विसंबू नये. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा, तेही दारात उभं करून.

ब्रूडर एक-एक करून बंद करत गेलो. तिसऱ्या ब्रूडरचा नट साबण लावून पाहिला, तेव्हा काही नाही. मग पाईप हाताने किंचित बाजूला ओढून धरला, जसा तो ब्रूडर टांगलेला असताना ओढला जातो. नटाच्या अंगावर, आट्याजवळ नाही तर मधल्या सपाट भागावर, फेसाची एक उभी रेघ उमटली. पुसून बघितलं तर कडेपासून सरळ आत गेलेली केसासारखी चीर, आणि तिच्याभोवती हिरवट-निळसर डाग. रात्री गारठ्याने ब्रूडर खाली घेतले जात, पाईप ताणला जाई आणि चीर उघडे. दिवसा ब्रूडर वर, चीर बंद. म्हणून वास फक्त पहाटेचा.

ती चीर पाडली होती अमोनियाने. आवळून ताणाखाली असलेलं पितळ आणि ओलसर हवेतला अमोनिया एकत्र आले की पितळ न झिजताच तडकतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं अशीच आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने हे होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्या शेडमध्ये तीच परिस्थिती आहे: ओल, अमोनिया, आणि पाना लावून लावून जास्त आवळलेला नट. वास आला की आवळायचं, या सवयीने नट अधिकच ताणात जातो.

म्हणून माझ्या तपासणीत दोन गोष्टी वाढल्या. एक, साबण लावल्यावर प्रत्येक नटाजवळ पाईप चारही बाजूंना हलकेच हलवून बघतो, कारण स्थिर सांधा खोटं सांगू शकतो. दोन, पितळेवर हिरवट-निळा डाग दिसला की तो नट पुसून, उजेडात फिरवून, नखाने कडेपासून मध्यापर्यंत चाचपतो. चीर नखाला लागते. चिरलेला नट झाळ देऊन किंवा टेप गुंडाळून वापरात ठेवायचा नाही.

बॅच उठली की रेग्युलेटर, पाईप आणि कॉक शेडमध्ये टांगून ठेवू नका. काढून, कोरडे पुसून, घरात किंवा शेडबाहेरच्या खोलीत ठेवा. खर्च काही नाही आणि पितळ महिनोन्‌महिने त्या हवेत राहत नाही. सिलिंडरही शेडच्या बाहेर, उभा, छोट्या पत्र्याखाली ठेवता आला तर उत्तम. मग रेग्युलेटरची गळती झालीच तर ती भिंतीच्या आत साचत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधूनच, रेग्युलेटर काढल्यावरही बुडबुडे येत असतील तर दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी लगेच दाबून बसवा, सिलिंडर मोकळ्या जागेत, उताराच्या, गटाराच्या आणि विहिरीच्या लांब उभा ठेवा आणि वितरकाला किंवा १९०६ ला फोन करा. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

रेग्युलेटर उघडायचा नाही, बदलायचा. ब्रूडरच्या आतला सेफ्टी व्हॉल्व्ह, थर्मोकपल, जेट हे मेकॅनिकचं काम. कॉक बंद असताना त्याच्या पुढच्या भागावर दाबच येत नाही, त्यामुळे तिथली गळती आपल्या साबणात दिसत नाही. पाईप, रेग्युलेटर आणि सगळे सांधे कोरडे निघाले आणि ब्रूडर पेटल्यावरच वास येत असेल, तर दोष त्या आतल्या भागात आहे, आणि पेटलेल्या ब्रूडरवर साबण लावून तो शोधायचा नाही. भिंतीवरून नेलेली तांब्याची किंवा लोखंडी लाईन, तिचे आटे, टेप हेही परवानाधारक फिटरकडेच. त्याला बोलवाल तेव्हा ज्या सांध्यांवर बुडबुडा आला त्यांना खडूने खूण करून ठेवा आणि बुडबुडा पाईप हलवल्यावर आला की तसाच, तेही सांगा.

तो येईपर्यंत त्या सिलिंडरवरचे सगळे ब्रूडर बंद. पिल्लं आत असतील तर शेड आधी मोकळं होऊ द्या, वाकूनही वास येत नाही याची खात्री करा, मग चिक गार्डचं कडं लहान करा, तूस जाड टाका आणि विजेच्या बल्बवर ती रात्र काढा.